हंगामाच्या सणाचं गीत पडद्यावर : प्रकल्प नोंदी

रविवार, ५ ऑक्टोबर

आज उपासनेनंतर पाळक साहेबांनी सांगितलं की हंगामाच्या सणाला मावशींनी लिहिलेलं नवीन गीत सगळ्या मंडळीनं मिळून म्हणायचं आणि ते पडद्यावर दाखवायचं काम माझ्याकडे. सण २ नोव्हेंबरला आहे, म्हणजे चार आठवडे. आतापर्यंत पडद्यावर गाणी दाखवायचो ती लोकांना आधीपासून पाठ असलेली, त्यामुळे स्लाईड कशीही असली तरी चालून जायचं. हे गीत कोणालाच येत नाही, म्हणून पडद्यावर जे दिसेल तेच तोंडातून निघणार. तालीमही फार होणार नाही, मधे दिवाळी आहे, अर्धे लोक गावाला.

गीत असं आहे, मावशींच्या वहीत आहे तसं उतरवून ठेवते :

तुझ्या दारी आलो रिकाम्या हाताने भरलेस दाने ओंजळ ही ॥धृ॥
वाट होती ओली अंधार दाटला दिवा पेटविला माझ्यासाठी ॥१॥
कोरड्या शेतात पाऊस धाडला दाणाही वाढला माझ्या घरी ॥२॥
नव्या कणसांची रास तुझ्या पुढे शब्द होती थोडे आभाराचे ॥३॥

वहीत प्रत्येक कडवं एका ओळीत आहे. मी 'दाने' पाहून आधी विचारलं की मावशी हे दाणे का, कारण आपल्याकडे बोलताना ण चा न होतोच आणि सण पण धान्याचा. त्या म्हणाल्या नाही गं, दान देऊन भरलीस असं. म्हणून 'दाने'च ठेवलं, पण विचारलं नसतं तर मी नक्की 'दाणे' करून टाकलं असतं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

रात्री पॉवरपॉइंटमधे पहिला प्रयत्न. वहीसारखंच एक कडवं एका ओळीत, साइज ३६, नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट, काळ्यावर पांढरं. लॅपटॉपवर छान दिसून राहिलं होतं. मग साइज ४८ केली तर ओळ मावली नाही आणि 'ओंजळ' वरच राहून 'ही' एकटं खालच्या ओळीत गेलं. हे वाईट आहे, कारण गाणाऱ्याला खालची ओळ म्हणजे नवीन ओळ वाटते, तो 'ओंजळ'वर थांबून श्वास घेतो आणि मग 'ही' म्हणतो, तोवर पेटी पुढे गेलेली असते. दुसऱ्या कडव्यात तसंच 'घरी' खाली पडलं.

त्यात पॉवरपॉइंटची ती मजकूर मावत नसेल तर आपोआप लहान करायची सेटिंग चालू होती, त्यामुळे एका स्लाईडवर ४८ आणि दुसरीवर तो आपणच ४२ करून बसला होता. ती बंद केली. मजकूर मावत नसेल तर ते मला दिसलं पाहिजे. आता ओळ जिथे तोडायची तिथे मी स्वतः शिफ्ट दाबून एंटर मारणार, प्रोग्रामच्या भरवशावर एकही ओळ तुटायला नको.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

साइज किती पाहिजे हे लॅपटॉपवर ठरत नाही म्हणून संध्याकाळी मंदिरात गेले, किल्ली पेटीवाल्या काकांकडून घेतली. पडदा आठ फूट रुंद, साडेचार फूट उंच. पडद्यापासून शेवटच्या बाकापर्यंत टेप लावून मोजलं तर १५ मीटर. मी धरलेला हिशोब साधा आहे, अंतराला दोनशेनं भागायचं आणि तेवढी अक्षराची उंची ठेवायची, म्हणजे १५ मीटरला साडेसात सेंटीमीटर. ही उंची शिरोरेषेपासून खाली अक्षराच्या पायापर्यंत, वरच्या मात्रा आणि खालचे उकार त्यात धरायचे नाहीत.

मग पडद्यावर मोठं 'म' टाकून पट्टीनं मोजलं. ३६ ला साधारण साडेपाच सेंटीमीटर भरलं, ४८ ला साडेसात, ६० ला सव्वानऊ साडेनऊच्या मधे. म्हणजे ३६ कमीच होतं, ४८ जेमतेम. हे आकडे आमच्या पडद्याचे आहेत, पडदा लहान असता तर तीच ४८ साइज कमी पडली असती. म्हणून दुसऱ्या कोणी हे वापरताना पॉइंटचा आकडा न उचलता पट्टी घेऊन मोजावं.

शेवटच्या बाकावर नेहमी बसणाऱ्या आजी जवळच राहतात, त्यांना बोलावून आणलं. ४८ वाचलं त्यांनी पण हळूहळू, एकेक शब्द लावत. ६० दाखवलं तर लगेच म्हणायलाच लागल्या. वाचता येणं आणि गाता गाता वाचता येणं यात एवढा फरक पडतो. गाताना डोळा तोंडाच्या दोन तीन शब्द पुढे असायला लागतो, लावून वाचायला वेळच नसतो. साइज ६० पक्की.

रविवार, १२ ऑक्टोबर

आता ६० मधे अख्खं कडवं एका ओळीत येऊच शकत नाही, म्हणून तोडायचं कुठे हा प्रश्न. मावशींनी गीत अभंगाच्या मोठ्या छंदात लिहिलंय, अक्षरं मोजली की कळतं, सहा सहा सहा आणि शेवटी चार. वाट-होती-ओली सहा, अंधार-दाटला सहा, दिवा-पेटविला सहा, माझ्यासाठी चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, दाटला आणि पेटविला. तर मला सरळ वाटलं की चार चरण आहेत तर चार ओळी करू :

वाट होती ओली
अंधार दाटला
दिवा पेटविला
माझ्यासाठी

दिसायला हे फार सुंदर दिसतं, यमक एकाखाली एक येतं, ओळी आखूड म्हणून ६० काय ६६ पण बसतं. उपासनेनंतर दहा बारा जणांना थांबवून म्हणून पाहिलं आणि तिथे ते फसलं.

चाल केरव्यात आहे, आणि काकांनी ती अशी बांधलीय की 'वाट होती ओली अंधार दाटला' हे एका श्वासात जातं, 'ओली'ची 'ली' लांबवून सरळ 'अंधार'वर उतरायचं. पण ओळ 'ओली'वर संपते म्हटल्यावर सगळ्यांनी तिथे श्वास घेतला. कोणी ठरवून नाही, ओळ संपली की माणूस थांबतोच. काकांनी दोनदा गाऊन दाखवलं की इथे तोडायचं नाही, तरी तिसऱ्या वेळी पण तुटलंच, कारण सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते. आजींनी तर प्रत्येक ओळीला श्वास घेतला आणि 'माझ्यासाठी' पर्यंत एक पूर्ण मात्रा मागे पडल्या.

बुधवार, १५ ऑक्टोबर

काकांकडे गेले होते. पेटीवर चाल वाजवून घेतली आणि मी फक्त श्वास कुठे येतो तिथे पेन्सिलनं खूण करत गेले. प्रत्येक कडव्यात दोनच जागा, बारा अक्षरांनंतर आणि शेवटी. म्हणून आता दोन ओळी :

वाट होती ओली अंधार दाटला
दिवा पेटविला माझ्यासाठी

बारा अक्षरांची ओळ ६० मधे आरामात मावते, दोन्ही बाजूंना जागा उरते. सहाव्या अक्षरानंतर जरा जास्त जागा सोडून पाहिली, चरण दिसावा म्हणून, पण ती जागा बघून पण माणसं अडखळतात, म्हणून साधी एकच स्पेस ठेवली. मावशींना चरण वेगळे दिसायला हवे होते, त्यांचं म्हणणं मला कळतं, छंद त्यांनी मोजून बसवलाय. पण छापील पत्रिकेत आपण चार ओळी करू आणि पडद्यावर दोन, असं बोलून ठरवलं. त्या हो म्हणाल्या.

हे सगळं या चालीपुरतं आहे हे लिहून ठेवते. हेच शब्द कोणी संथ चालीत प्रत्येक चरणावर थांबून म्हटले तर चार ओळीच बरोबर. आधी चाल ऐकायची, मग तोडायचं.

रविवार, १९ ऑक्टोबर

दिवाळीमुळे माणसं कमी, तरी तीसेक होती. दोन ओळींची स्लाईड लावली, श्वास जागेवर आला. पण आज दोन नवीन गोष्टी निघाल्या.

पहिली, आमचं मंदिर पूर्वेला उघडं, साडेआठच्या उपासनेला खिडकीतून ऊन सरळ पडद्यावर येतं. गुरुवारी मी संध्याकाळी पाहिलं होतं तेव्हा काळ्यावर पांढरं झकास होतं, आज काळं राखाडी झालं आणि अक्षरं पुसट. जागच्या जागी उलटं केलं, फिक्या पिवळसर पांढऱ्यावर काळी अक्षरं, लगेच वाचता यायला लागलं. उजेड असला की प्रोजेक्टर काळं दाखवूच शकत नाही, उन्हापेक्षा काळं तो कुठून आणणार. त्या एका खिडकीला जाड पडदा लावायचं पण ठरलं, बर्डीवरून कापड आणायचं काम दुसऱ्या ताईंनी घेतलं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. दुसऱ्या कडव्यात बरेच जण 'पाऊस घाडला' म्हणाले आणि एक दोघं 'माझ्या धरी'. टायपिंग तपासलं तर बरोबर होतं. मग मागे जाऊन पाहिलं तेव्हा दिसलं. मी अक्षरं उठून दिसावी म्हणून बोल्ड केली होती आणि वर कडेला जाड आउटलाइन दिली होती. घ आणि ध मधे फरक एवढाच की ध च्या डोक्यावर शिरोरेषा तुटते आणि तिथे छोटी गाठ असते. आउटलाइननं ती फट भरून गेली, लांबून दोन्ही सारखेच. भ आणि म चं पण तसंच, धृपदातलं 'भरलेस' लांबून 'मरलेस' वाटतं, आणि तिथे लोक का थबकत होते ते मला आधी कळलंच नव्हतं. चुकीचं वाचून चुकीचं गाणारा तरी ऐकू येतो, थबकणारा फक्त गप्प होतो, ते शोधायला तोंडांकडे पाहावं लागतं.

आउटलाइन काढली, सावली काढली, बोल्ड ऐवजी मिडियम वजन. शेवटच्या बाकावरून भाच्याला ध घ भ म असे मिसळून आठ शब्द वाचायला लावले, सगळे बरोबर आले.

बुधवार, २२ ऑक्टोबर

ओळींमधलं अंतर. 'पुढे' चा उकार आणि खालच्या ओळीतल्या 'आभाराचे' ची मात्रा एकमेकांना चिकटत होती कारण मी अंतर कमी केलं होतं. आपल्या लिपीत वर पण काही असतं आणि खाली पण, त्यामुळे इंग्रजी गाण्यांच्या तयार टेम्पलेटमधलं अंतर चालत नाही. वाढवून १.२ केलं, चिकटणं थांबलं. आज एवढंच.

रविवार, २६ ऑक्टोबर

क्रम. याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

पुस्तकात धृपद एकदाच छापतात आणि ॥धृ॥ लिहितात, बाकी सगळ्यांना माहीत असतं की प्रत्येक कडव्यानंतर परत यायचं. पडद्यावर तसं केलं तर चालवणाऱ्याला दर वेळी मागे जावं लागतं, तिसऱ्या कडव्यानंतर तीन स्लाईड मागे, आणि जाता जाता आधीची कडवी झरझर दिसतात, कोणीतरी त्यातलंच म्हणायला लागतं. म्हणून धृपद जितक्या वेळा गायचं तितक्या वेळा क्रमात आलं पाहिजे आणि चालवणाऱ्यानं फक्त पुढे जायचं.

पण काकांची पद्धत अशी की सुरुवातीला धृपद पूर्ण, कडव्यानंतर मात्र धृपदाची पहिलीच ओळ घेऊन लगेच पुढचं कडवं. आणि शेवटी परत पूर्ण. मी सगळीकडे पूर्ण धृपद लावलं होतं, तर आज कडव्यानंतर अर्धे लोक 'भरलेस दाने'त गेले आणि अर्धे काकांबरोबर पुढच्या कडव्यात. चूक लोकांची नाही, पडद्यावर ओळ होती तर ते म्हणणारच. म्हणून धृपदाच्या दोन स्लाईड केल्या, एक पूर्ण आणि एक फक्त पहिल्या ओळीची.

हे पॉवरपॉइंटमधे कॉपी करून करता येतं, पण मग एका शब्दात दुरुस्ती आली की सगळ्या कॉप्यांमधे करायची. म्हणून गीत ओपनएलपीमधे घातलं, फुकट आहे आणि गाणी दाखवायलाच बनवलंय. त्यात प्रत्येक भाग एकदाच लिहायचा :

```
---[Chorus:1]---
तुझ्या दारी आलो रिकाम्या हाताने
भरलेस दाने ओंजळ ही
---[Chorus:2]---
तुझ्या दारी आलो रिकाम्या हाताने
---[Verse:1]---
वाट होती ओली अंधार दाटला
दिवा पेटविला माझ्यासाठी
```

अशीच पुढची दोन कडवी. आणि क्रमाच्या रकान्यात एवढंच :

```
C1 V1 C2 V2 C2 V3 C1
```

C म्हणजे धृपद, V म्हणजे कडवं. पाळक साहेबांनी वेळ कमी म्हणून दुसरं कडवं गाळायला सांगितलं तर तिथून V2 C2 काढायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. ऐन वेळी झालं तर चालवणाऱ्यानं यादीतल्या पाहिजे त्या स्लाईडवर क्लिक करायचं. एक लक्षात ठेवायचं, मजकूर मावला नाही तर ओपनएलपी अक्षरं लहान करत नाही, उरलेलं पुढच्या स्लाईडवर ढकलतं, म्हणून सगळ्या स्लाईड एकदा चालवून पाहायच्या. आणि दोन्हीकडचा साइजचा आकडा सारखा नाही, मी पट्टी लावून 'म' परत मोजला आणि सव्वानऊ सेंटीमीटर येईपर्यंत आकडा वाढवला.

आकड्यांचा आणखी एक गोंधळ. प्रत्येक ओळ दोनदा म्हणायची आहे. मी कडव्याच्या शेवटी वहीतल्यासारखं ॥२॥ ठेवलं होतं, तर एका दादांना वाटलं ते 'दोनदा म्हणा' आहे, आणि ॥३॥ ला त्यांनी तीनदा म्हणायची तयारी केली. त्यांचं वाचन चुकीचं म्हणता येत नाही. कडव्याचा आकडा तिथून काढून वर कोपऱ्यात बारीक फिका केला, तो फक्त चालवणाऱ्यासाठी. ओळीशेवटी काहीच नाही. दोनदा म्हणायचं ते काका हातानं दाखवतील, सगळ्याच ओळी दोनदा आहेत तर दर वेळी लिहून जागा अडवायची गरज नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

उद्या सण. भाचा स्लाईड चालवणार आहे, त्याच्याबरोबर तासभर बसले. तो ओळ पूर्ण संपल्यावर बटण दाबून राहिला होता, म्हणजे पुढचा शब्द दिसतो तेव्हा तो म्हणायची वेळ निघून गेलेली असते, पहिला शब्द सगळ्यांचा हुकतो. दुसरी ओळ दोनदा होते, तर दुसऱ्यांदा शेवटचे चार अक्षरी शब्द सुरू झाले की दाबायचं. 'माझ्यासाठी' चा 'मा' ऐकला की दाब. ते चार अक्षरं सगळ्यांनी आत्ताच म्हटलेली असतात, ती दिसायची गरज नसते. पहिल्या वेळी 'मा' ला दाबलं तर मात्र घोळ, म्हणून त्यानं बोटावर मोजायचं आणि स्वतः मोठ्यानं गायचं. गप्प बसून चालवणारा हमखास चुकतो हे मी आधी पण पाहिलंय.

अर्ध्या धृपदाला वेगळा नियम, ती ओळ पण दोनदाच आहे पण तिच्या शेवटी 'हाताने' आहे, म्हणून दुसऱ्यांदा 'हा' ला.

मग सगळ्या तालमीत जे सुटलं होतं ते आज दिसलं. आतापर्यंत आम्ही बसून म्हणत होतो, उद्या सगळे उभे राहणार. काकांनी क्वायरला समोर उभं केलं आणि मी मागून पाहिलं तर पडद्याचा खालचा बराच भाग डोक्यांनी झाकला. अक्षरं मी पडद्याच्या मधोमध ठेवली होती, दुसरी ओळ जेमतेम दिसत होती, आणि मुलं उभी राहतात त्या बाजूनं दुसरी ओळच नव्हती. थीममधे मजकूर वरच्या कडेला धरून लावला, आता दोन्ही ओळी वरच्या अर्ध्यात येतात. चार ओळींची स्लाईड असती तर हे जमलंच नसतं.

रविवार, २ नोव्हेंबर

सण झाला. मंदिर भरलं होतं, बाहेरगावचे पाहुणे पण होते ज्यांनी हे गीत कधी ऐकलंच नव्हतं, पहिल्या धृपदाला ते गप्प होते आणि पहिल्या कडव्यानंतर पहिली ओळ परत आली तेव्हा म्हणायला लागले. श्वास बारा अक्षरांवर, 'धाडला' स्वच्छ 'धाडला'. आजी शेवटच्या बाकावरून 'आभाराचे' पर्यंत काकांच्या बरोबर होत्या, मी मागे त्यांच्या बाजूलाच उभी होते.

एक राहिलं. शेवटचं पूर्ण धृपद झाल्यावर काकांनी उत्साहात ते आणखी एकदा घेतलं आणि भाच्यानं तोवर पडदा कोरा केला होता. पाठ झालेलं होतं म्हणून निभावलं, पण पाहुणे थांबले. रात्री क्रम बदलून ठेवलाय, शेवटी C1 दोनदा, आणि पेटी थांबल्याशिवाय पडदा कोरा करायचा नाही असं भाच्याच्या कागदावर लिहून दिलं :

```
C1 V1 C2 V2 C2 V3 C1 C1
```